जिओ कुठल्या रकान्यात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

एका केसच्या नमुना उत्तरात मी पोर्टरचं फाइव्ह फोर्सेस मॉडेल वापरलं होतं. नवे प्रवेशक, आधीचे स्पर्धक, ग्राहक, पुरवठादार आणि पर्याय अशा पाच बळांवरून उद्योगातली स्पर्धा जोखायची ही पद्धत. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

«सर, फाइव्ह फोर्सेसच्या नमुना उत्तरात तुम्ही जिओला 'नव्या प्रवेशाचा धोका' या रकान्यात टाकलंय. ही साफ चूक आहे, जिओ स्पर्धक आहे. एमएनपीचं सालही चुकलंय. १९७९ चं मॉडेल आज कालबाह्य आहे. गाईडमधून उचलून विद्यार्थ्यांची दिशाभूल करू नका.»

आधी सालाचं. एमएनपी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय, देशभर जानेवारी २०११ मध्ये आली. जुलै २०१५ मध्ये एका सर्कलमधून, म्हणजे टेलिकॉम विभागातून, दुसऱ्यात नंबर नेता येऊ लागला. मी दोन्हीची गल्लत केली होती. दुरुस्त केलंय, आभार.

पण 'गाईडमधून उचलून' हे जिव्हारी लागलं. सतरा वर्षं मार्केटिंगच्या उत्तरपत्रिका तपासतोय. त्याआधी चार वर्षं रिचार्ज कूपनं घेऊन दुकानं पालथी घातली आहेत. मतभेद जरूर सांगा, पण असं बोलायची गरज नव्हती.

आता रकान्याचं. केसची पहिली ओळ तुम्ही वाचलेली दिसत नाही. 'जून २०१६, तुम्ही जुन्या कंपनीचे मार्केटिंग मॅनेजर आहात.' जिओची व्यावसायिक सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली. म्हणजे केसच्या दिवशी जिओ दारात उभा आहे, घरात आलेला नाही. कंपनी कुठल्या रकान्यात बसते हे तिच्या नावावरून ठरत नाही, केसच्या तारखेवरून ठरतं. आणि त्या रकान्यात नुसतं 'धोका जास्त' लिहून गुण मिळत नाहीत. अडसर किती उंच आहे आणि समोरचा तो कसा ओलांडतोय, हे लिहावं लागतं. इथे अडसर होता स्पेक्ट्रम आणि देशभरचं नेटवर्क. २०१० च्या लिलावात बावीसही सर्कलचं ब्रॉडबँड स्पेक्ट्रम जिंकणारी कंपनी रिलायन्सने लगेच ताब्यात घेतली, आणि पुढची सहा वर्षं नेटवर्क उभारण्यात घातली. जुन्या कंपन्यांना हे दिसत होतं, म्हणूनच तो 'धोका'.

हीच केस २०१९ ची असती, तर मीच जिओला 'अंतर्गत चुरस' मध्ये घातलं असतं. तोवर व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या होत्या आणि खासगीत मोठे तिघेच उरले होते.

ग्राहकाच्या ताकदीबद्दल तुम्ही अवाक्षरही काढलं नाहीत, आणि खरे गुण तिथेच जातात. मुलं एमएनपी लिहून मोकळी होतात. २०१६ च्या सप्टेंबरात मी दुकानाच्या काउंटरवर पाहिलं: लोक नंबर पोर्ट करतच नव्हते. जुनं सिम पहिल्या खाचेत तसंच, जिओचं दुसऱ्या खाचेत. फोन घेण्यापुरता जुना नंबर, नेट आणि बाहेर जाणारे कॉल फुकटातल्या सिमवरून. ग्राहक कागदोपत्री जुन्याच कंपनीचा राहिला, रिचार्ज मात्र आटला. बदलण्याचा खर्च शून्य म्हणतात तो असा दिसतो. अर्थात फोन फोर-जी हवा, नाहीतर ते सिम निरुपयोगी. ही मर्यादाही उत्तरात लिहा.

'कालबाह्य' वर वेगळं उत्तर देत नाही. नेमकं कुठलं बळ आज लागू पडत नाही ते लिहा, मग बोलू.