कुक म्हणण्याआधीचे दोन सेकंद

बुवाकुक हा जगातला एकमेव खेळ असा आहे की ज्यात कलाकार पहिल्या पाच मिनिटांत दमतो आणि प्रेक्षक पंचविसाव्या प्रयोगालाही पहिल्याइतकाच खूश असतो. संवाद एकच. नेपथ्य म्हणजे एक ओढणी किंवा हाताशी आलेला पंचा. कथानक असं की आई नाही, आई आहे. माझ्यासारख्या सुजाण माणसाला प्रश्न पडतो की यात हसण्यासारखं आहे तरी काय? आणि असलंच, तर ते चव्वेचाळिसाव्या वेळी कसं काय उरतं?

याचं जे उत्तर आपण ऐकत आलो आहोत ते असं: बाळाला वाटतं आई खरोखरच नाहीशी झाली, म्हणून ती परत दिसली की त्याला आनंद होतो. या उत्तरामागे जाँ पियाजे यांच्यासारखा मोठा बालमानसशास्त्रज्ञ उभा आहे. रुमालाखाली झाकलेलं खेळणं मूल साधारण आठ महिन्यांचं होईपर्यंत शोधायलाच जात नाही, हे त्यांचं निरीक्षण. दिसत नाही म्हणजे नाहीच. पुढे 1985 साली रने बायार्जों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच महिन्यांच्या बाळालासुद्धा पडद्याआडची वस्तू अजून तिथेच असल्याचा अंदाज असतो. हात पोचत नाही, पण डोक्याला ठाऊक असतं.

मग ते हसतं कशाला? याचा छडा 1989 साली पॅरट आणि ग्लाइटमन या दोघांनी लावला, तोही बुवाकुक खेळूनच. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांशी ते नेहमीसारखं कुक-कुक करत, आणि मधेच एखाद्या फेरीत लबाडी करत. लपला एक माणूस आणि उगवला दुसराच. किंवा माणूस तोच, पण निघाला भलत्या ठिकाणी. आपल्या हिशेबाने हा विनोद किती वरच्या दर्जाचा! बाळांना मात्र तो पसंत पडला नाही. अशा फेऱ्यांना ती कमी हसली.

आई हरवलीय असं त्यांना वाटत असतं आणि कुणीतरी उगवण्याचाच आनंद असता, तर कुणीही, कुठेही उगवून चाललं असतं. तसं नाही. बाळाने आधीच मनाशी ठरवलेलं असतं की ओढणीमागून अमुक तोंड, अमुक जागी निघणार. ते तसं निघालं की ते हसतं. म्हणजे ते आश्चर्याने हसत नाही, आपला अंदाज बरोबर आला म्हणून हसतं. सातव्या महिन्यात माणूस दुसरं काय बरोबर ओळखू शकतो, सांगा? वरणभात कधी येणार, लंगोट कधी बदलणार, कशाचाच भरवसा नाही. त्या अंदाधुंदीत ही एक गोष्ट दर वेळी त्याच्या म्हणण्याप्रमाणे घडते.

हे एकदा कळलं की खेळ कसा खेळायचा आणि तो कशाने फसतो, हेही कळतं. आधी बाळाच्या समोर, हात-दीड हातावर बसायचं आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालायचे. त्याने पाहिल्याशिवाय लपलात तर ते लपणं नाही, ते नुसतंच डोक्यावर ओढणी घेऊन बसणं. मग तोंड झाकायचं, पण आवाज चालू ठेवायचा: ‘कुठे गेली आई? कुठे गेऽऽली?’ हा आवाज म्हणजे माणूस आत आहे याची पावती. मनात ‘एक आंबा, दोन आंबे’ म्हणण्याइतकं थांबायचं आणि लपलो होतो त्याच जागी, त्याच तोंडाने प्रकट व्हायचं. ‘कुऽऽक!’ त्यानंतर गप्प बसायचं. हसायची पाळी आता त्याची आहे, त्यालाही वेळ लागतो. अनेकजण इथेच घाई करतात आणि हसू यायच्या आत पुढची ओढणी घेतात.

ते मधले दोन सेकंद हा सगळा खेळ आहे. अर्ध्या सेकंदात बाहेर आलात तर अंदाज बांधायला वेळच मिळत नाही. दहा सेकंद लावलेत तर अंदाजाची जागा काळजी घेते, खालचा ओठ पुढे येतो आणि मग ‘काय केलंस रे त्याला?’ असा आतून प्रश्न येतो. आणखी एक चूक हौशी काकामंडळींची. ते कुक म्हणत नाहीत, भॉक करतात. भॉक हा वेगळा खेळ असून त्याचा प्रेक्षक निदान चार वर्षांचा लागतो. आणि बाळाने मान फिरवली, जांभई दिली, डोळे चोळले, तर प्रयोग संपला असं समजावं. त्याला खेळ आवडला नाही असं नसतं, पोट भरलेलं असतं. तेव्हा जास्त जोराने कुक करणं म्हणजे जेवून उठलेल्याला आग्रह करून जिलबी वाढणं.

कोण करतंय यावरही सगळं अवलंबून. अॅलन स्रूफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षाच्या आतल्या मुलांसमोर मुखवटे घालून पाहिले. घरात, मूल बघत असताना आईने मुखवटा चढवला तर बहुतेक मुलं हसली. तोच मुखवटा परक्याने चढवला की चेहरे गंभीर झाले, काहींनी भोकाड पसरलं. मुखवटा तोच, विनोद तोच. तेव्हा आठ-नऊ महिन्यांच्या मुलाला पहिल्यांदा भेटायला गेलेल्या पाहुण्यांनी दारातूनच कुक सुरू करू नये. चहा प्या, मुलाकडे दुर्लक्ष करा, ते आपण होऊन निरखायला लागलं की मग रुमाल काढा.

वर्षाच्या सुमारास सूत्रं हलतात. आता ओढणी त्याच्या हातात आणि प्रेक्षक आपण. बिस्किट पुढे करायचं, आपण हात नेला की मागे घ्यायचं आणि आपल्याकडे बघून खुदकन हसायचं, हा त्याचा पहिला स्वतंत्र प्रयोग. वासुदेवी रेड्डी यांनी अशा चिडवण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. वर्ष पुरं व्हायच्या आधीच मुलं हे करू लागतात. समोरच्याला काय अपेक्षित आहे हे ओळखून ते मुद्दाम मोडायचं, आणि तेही बोलायला यायच्या आधी! इथे उलटापालट झाली. बुवाकुकात अपेक्षा पुरी झाल्याचं हसू होतं, आता अपेक्षा मोडल्याचं. इथून पुढचा सगळा विनोद मोडण्याचाच आहे, फक्त मोडायची वस्तू बदलत जाते.

आधी वस्तूंचा वापर मोडतो: चड्डी डोक्यावर, वाटी पायात. दोनाच्या आसपास नावं मोडतात. नाकाला कान म्हणायचं, बाबाला आई म्हणायचं, आणि आपण ‘नाही गं, मी बाबा’ असं कळवळून सांगितलं की आणखी हसायचं. कृपा करून दुरुस्त करू नका. ज्याला नाक माहीत नाही, त्याला नाकाला कान म्हणण्यात गंमत येणारच नाही.

तीन ते पाच हा शी-शूचा सुवर्णकाळ. त्याबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण मुलं आटोपत नाहीत. नुकतीच जी गोष्ट मोठ्या कष्टाने काबूत आली, तिचं नुसतं नाव घेतलं की आजी ‘शिव शिव’ म्हणते, ही सत्ता कोण सोडेल? ‘आज भाजी कसली?’ ‘शीची!’ यावर रागावणं हा टाळ्या वाजवण्याचाच प्रकार आहे. निर्विकार चेहऱ्याने ‘ती काल संपली, आज दुधी’ म्हणावं. दुधी हा शब्द कुठलाही विनोद विझवतो.

पुढची पायरी मला सर्वांत रंजक वाटते. एक कोडं घेऊ. वरात दारात आली, नवरी गच्चीत उभी होती. तिने खाली का पाहिलं? कारण वर खाली होता.

पाच वर्षांच्या मुलाला हे सांगा. ते खदखदा हसेल, कारण सगळे हसले. मग धावत शेजारी जाऊन सांगेल: ‘नवरीने खाली का पाहिलं? कारण नवरा खाली होता!’ आणि पुन्हा खदखदा हसेल. शेजारी मात्र विचारात. मुलाने अर्थ तंतोतंत सांभाळला आणि विनोद तेवढा गाळला, कारण एकाच ‘वर’ची दोन तोंडं एकाच वेळी डोक्यात धरणं त्याला अजून जमत नाही. आता त्याला उत्तर बदलून सांगा: ‘कारण गाढवाने पतंग खाल्ला.’ तेवढंच हसेल. शुल्ट्झ आणि होरिबे यांनी 1974 साली मुलांना विनोद मूळ रूपात आणि उकल काढून टाकून, असे दोन्ही तऱ्हांनी ऐकवले. सहा वर्षांच्यांना नुसता विचित्रपणाही पुरला; आठच्या पुढच्यांना उकल असलेला विनोद जास्त आवडला. आठ वर्षांचं मूल गाढवावर म्हणेल, ‘ह्यॅ, याचा काय संबंध?’ आणि ‘वर’वर आधी क्षणभर थांबेल, मग हसेल. तो थांबलेला क्षण पाहा. दोन सेकंद. ओढणीमागून शब्दाचं दुसरं तोंड निघालेलं असतं.

दुर्दैवाने एकदा ही चावी सापडली की मूल दिवसाला तीस कोडी घालतं. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ हे आपल्याला माहीत नसल्याचं नाटक आपण करायचं असतं. बुवाकुकाच्या वेळीही आपण तेच करत होतो.

उपरोध मात्र उशिरा येतो. पसाऱ्याने भरलेल्या खोलीकडे बघून आई म्हणते, ‘वा, काय सुरेख आवरलंय!’ पाच वर्षांचा म्हणतो, ‘थँक्यू.’ शब्द एक, मनातलं वेगळं, आणि ते वेगळं आहे हे समोरच्याला कळावं अशीच इच्छा, असे हे तीन मजले आहेत. सहा-सातव्या वर्षी आई खरं बोलत नाहीये एवढं उमगतं, पण त्यात हसण्याजोगं काही आहे हे कळायला आणखी वर्षं जातात. तेरा-चौदाव्या वर्षी ते असं काही कळतं की आईचंच वाक्य तिला परत मिळतं. आपण जेवणाच्या टेबलावर ‘वर खाली होता’ सांगतो आणि कुणी मान वर न करता म्हणतं, ‘वा. काय जोक आहे.’

या वयात विनोद पसंत पडतो की नाही हे विनोदावर ठरत नाही, तो कुणी सांगितला यावर ठरतं. डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 साली ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली: किशोरवयीन मुलाला सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. त्यामुळे मित्रांदेखत बापाने केलेली कोटी ही बापाची राहत नाही, ती पोराच्या अब्रूवर पडते. घरी तीच कोटी ऐकून त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला तर, मी म्हणतो, तो पुरस्कार समजावा. आणि बंद खोलीतून मुलगी एकटीच खिदळताना ऐकू येते तेव्हा ती एकटी नसते. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट माणसांत हसतो, असं रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं. तिची माणसं फोनमध्ये असतात. ‘काय झालं गं?’ विचारलं तर ‘काही नाही.’ दाखवलंच तर एक भोपळ्याचं चित्र, खाली दोन अक्षरं. आपण विचारतो, ‘भोपळा का?’ आता शेजारी आपण.

आणि त्या खोलीचं दार बंद असतं. वाजवायचं, पण वाजवता वाजवता उघडायचं नाही. तो भॉक झाला. वाजवायचं, आवाज चालू ठेवायचा, ‘अगं, चहा ठेवलाय,’ आणि उभं राहायचं. एक आंबा, दोन आंबे.