अडकलेली कडी काढण्याआधी घड्याळ पाहा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पोलादी नट आणि बेअरिंगच्या रिंगा सहज हाताला लागतात आणि त्या कापणारा ग्राइंडरही जवळच असतो. म्हणूनच हे लिहीत आहे. शिश्नावर धातूची कडी अडकली, तर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन ती कापून घ्यावी, हा विचार पुष्कळांच्या मनात सर्वांत आधी येतो आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान त्यातूनच होते. मी नाशिकमध्ये डॉक्टर म्हणून काम करतो आणि ही गोष्ट संकोच न ठेवता सांगणे मला आवश्यक वाटते.

कडीखाली काय घडते, ते आधी समजून घ्यावे. शिरांच्या भिंती मऊ असल्याने त्या लगेच दाबल्या जातात, पण धमन्यांतून रक्त येतच राहते. आत येणारे रक्त बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे पुढचा भाग सुजतो. सुजेमुळे कडी आणखी आवळते आणि शेवटी धमन्याही बंद होतात. काल सहज सरकलेली कडी आज हलत नाही, त्याचे कारण हेच. वापरण्यासाठीच मिळणारी रबरी रिंगसुद्धा अर्ध्या तासाहून अधिक काळ ठेवू नये.

समजा, रात्री अकरा वाजता एका तरुणाच्या लक्षात आले की पोलादी रिंग निघत नाही. त्याने प्रथम वेळ लिहून ठेवावी, कारण रिंग किती वेळ अडकली आहे, हे डॉक्टर विचारणारच. मग पुढच्या भागाचा रंग पाहावा आणि बोटाने हलकेच स्पर्श करून संवेदना आहे का, ते तपासावे. रंग निळा-काळा झाला असेल, भाग थंड किंवा बधिर वाटत असेल, त्वचा फाटली असेल किंवा लघवी होत नसेल, तर घरी काहीही न करता लगेच निघावे.

यांपैकी काहीच नसेल, तर एकच प्रयत्न करण्यास हरकत नाही. उताणे पडून, तो भाग पोटाच्या बाजूला वर धरून, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवावा. उघडा बर्फ त्वचेवर लावू नये. त्यानंतर ओल्या फडक्यातून पुढचा सुजलेला भाग मुठीत धरून टोकाकडून कडीच्या दिशेने काही मिनिटे सावकाश, एकसारखा दाब द्यावा, म्हणजे साचलेले पाणी मागे सरकते. मग भरपूर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून कडी हळूच पुढे सरकवून पाहावी. त्वचेची घडी कडीपुढे गोळा होऊ लागली की थांबावे. या सगळ्याला वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये.

दोरा किंवा रबर बँड असेल आणि त्याच्याखाली बोथट टोकाची कात्री सहज जात असेल, तर तो कापता येतो. ब्लेड मात्र वापरू नये. पँटची चेन त्वचेत अडकली असेल, तर रनर मागेपुढे ओढू नये. चेनभोवतीचे कापड कापून पँट वेगळी करावी, तेल लावावे आणि तसेच रुग्णालय गाठावे. तिथे रनरच्या दोन पत्र्यांना जोडणारा मधला छोटा दांडा कटरने तोडला, की पत्रे सुटे होतात आणि दात आपोआप मोकळे होतात.

पोलादी रिंगेकडे परत येतो. ग्राइंडरने धातू काही क्षणांत तापतो आणि खालची त्वचा भाजते. रुग्णालयात कडीखाली धातूची पातळ पट्टी सरकवतात, थंड सलाइन सोडत राहतात आणि जाड कडी बहुधा दोन ठिकाणी कापतात, कारण एका चिरेने पोलाद फाकत नाही. बोटातल्या अंगठीसाठीचा लहान कटर इथे बऱ्याचदा अपुरा पडतो, म्हणून कधी हाडांच्या शस्त्रक्रियेची यंत्रे, तर कधी अग्निशमन दलाची मदत घ्यावी लागते. त्यामुळे निघतानाच फोनवर कडीचा धातू आणि जाडी सांगावी, तशीच दुसरी कडी असेल तर सोबत न्यावी. भूल द्यावी लागू शकते, म्हणून काही खाऊ-पिऊ नये. त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय किंवा मूत्ररोगतज्ज्ञ असलेले जवळचे रुग्णालय गाठावे; वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. स्वतः गाडी चालवू नये.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की "हे केलेस तरी कशाला?" हा प्रश्न त्या रात्री विचारू नये. त्या एका प्रश्नाच्या भीतीने माणूस सकाळपर्यंत दार लावून बसतो.

कडी घरीच निघाली, तरी त्वचेवर जखम असल्यास, लघवीतून रक्त आल्यास किंवा काही तासांत रंग आणि संवेदना पूर्ववत न झाल्यास डॉक्टरांना दाखवावे; जखमेसाठी धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते. पुढे काही आठवड्यांनी लघवीची धार बारीक होऊ लागली, तर मूत्रमार्ग आकसला असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा जुनी घटना डॉक्टरांना न लपवता सांगावी.