लिक्विडेटरच्या शेवटच्या हिशोबात सप्लायरला शून्य का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

"तुम्ही लिहिलंत की कामगारांना अग्रक्रम असतो. मग आमच्या केसमध्ये त्यांनाही रुपयाला चाळीसच पैसे कसे? आणि माझे मटेरियलचे ११ लाख, त्यावर सरळ निल! कारखाना विकून चार कोटी आले ना, गेले कुठे? लेख आहे की लिक्विडेटरची वकिली?"

साहेब, बहुतेक पैसे बँकेकडे गेले आणि कायद्याने गेले. तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटचेच आकडे गोल करून घेतो. ४ कोटींतून आधी दिवाळखोरीच्या प्रोसेसचा आणि लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी वाटण्याचा, खर्च ४० लाख सुटला, उरले ३ कोटी ६० लाख. आयबीसीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्याच्या, कलम ५३ मध्ये पुढची पायरी आहे ती कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची देणी, पण त्याच पायरीवर, बरोबरीने, आपलं तारण स्वतः न विकता सगळ्यांच्या वाटपासाठी सोडून दिलेली बँकही बसते, आणि इथेच सगळे फसतात. बँकेचे ८ कोटी, कामगारांचा १ कोटी, मिळून ९ कोटी आणि हातात ३.६०, म्हणजे दोघांनाही ४० टक्के. कामगारांना ४० लाख, बँकेला ३ कोटी २० लाख, आणि खेळ खलास. (पीएफ-ग्रॅच्युइटीच्या फंडातले पैसे या वाटपात धरतच नाहीत, कलम ३६ ने ते बाहेर, म्हणून ते इथे शोधू नका.)

त्याखाली मग ऑफिस स्टाफचा १२ महिन्यांचा पगार, मग बिनतारण कर्ज देणारे, मग सरकारची दोन वर्षांची देणी, आणि त्यानंतर कुठे तुमच्यासारखे माल देणारे, शेअरहोल्डर तेवढे तुमच्या खाली. वरची पायरी पूर्ण फिटल्याशिवाय खाली एक पैसा उतरत नाही, त्यामुळे तुमचा निल म्हणजे दावा नाकारला असं नाही, दावा मान्य आहे पण पैसा तिथवर पोचलाच नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या, मान्य रकमेच्या कॉलमात ११ लाख दिसतायत ना ते बघा. तिथे कमी असते तर १४ दिवसांत अपील करायचं होतं, आता शेवटच्या हिशोबावर तो वाद काढून उपयोग नाही.

आणि तुमच्या सीएने दाखवलेली 'प्रेफरन्शियल क्रेडिटर'ची, म्हणजे ज्यांचं देणं आधी फेडायचं त्यांची, यादी कंपनी कायद्याच्या कलम ३२७ ची आहे, त्याच कलमाचं पोटकलम ७ म्हणतं की आयबीसीखालच्या लिक्विडेशनला ही यादी लागू नाही. मोझर बेअर कंपनीच्या कामगार युनियनने या पोटकलमाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं होतं, मे २०२३ मध्ये ते फेटाळलं गेलं.

लिक्विडेटरला खरंच धरायचं असेल तर खर्चाचे ४० लाख धरा. सुरुवातीच्या रिपोर्टमध्ये त्याने अंदाज दिलेला असतो, त्यापेक्षा खर्च जास्त झाला असेल तर फायनल रिपोर्टमध्ये कारण लिहावं लागतं, ते आहे का बघा, सिक्युरिटी गार्ड आणि व्हॅल्युएशनची बिलं पण मागा. पण खर्च १० लाख निघाला असता तरी वाचलेले ३० लाख बँक आणि कामगारांतच वाटले गेले असते, त्यांचेच अजून ५ कोटी ४० लाख बाकी आहेत.