आंधळ्यांचा ‘च’

“भगवान महावीरांनी सांगितलेली हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट म्हणजेच अनेकांतवाद. प्रत्येक आंधळा आपापल्या जागी बरोबर होता, म्हणून कुणालाच चूक म्हणू नका. ‘स्यात्’ म्हणजे कदाचित. ठामपणे काहीच सांगता येत नाही. सगळ्यांची मतं एकत्र केली की सत्य मिळतं. आपल्या मुलांना हे जरूर शिकवा.”

सांगलीजवळच्या आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मी रविवारी सकाळी पाठशाळा घेते. पालकांच्या ग्रुपवर हा निरोप आतापर्यंत तीनदा आला आहे. तिसऱ्या वेळी खाली “पाठ करून घ्या” अशी पुस्ती होती, म्हणून हे लिहायला बसले.

आधी गोष्टीच्या उगमाचं बघू. ती सर्वांत जुन्या रूपात सापडते बौद्धांच्या ‘उदान’ या पाली ग्रंथात. श्रावस्तीचा राजा गावातल्या जन्मांधांना गोळा करतो आणि हत्तीपुढे उभं करतो. डोकं चाचपणाऱ्याला हत्ती घागरीसारखा वाटतो, कानाला हात लागलेल्याला सुपासारखा. सुळा म्हणजे नांगराचा फाळ, सोंड म्हणजे हाळीस, अंग म्हणजे कणगी, पाय म्हणजे खांब, शेपूट म्हणजे मुसळ आणि शेपटाचं टोक म्हणजे केरसुणी. (ही यादी मुलांना वाचून दाखवली तर सूप, मुसळ कळतं. हाळीस काय ते आता आज्जीलाच विचारावं लागतं.) मग ते एकमेकांना बुक्क्या मारू लागतात आणि राजाची करमणूक होते.

तिथे ही गोष्ट बुद्ध सांगतात आणि ती इतर पंथांच्या वाद घालणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांवर सांगतात. जग शाश्वत की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, यावरून ते भांडत असतात. एकच अंग पाहणारे लोक भांडतात, असा तिथला समारोप आहे. त्या भांडणाऱ्यांत बुद्धांच्या डोळ्यांपुढे निर्ग्रंथ, म्हणजे आपले जैन मुनीही असतील. ही गंमत निरोप पुढे ढकलणाऱ्याला ठाऊक नसावी.

महावीरांचं म्हणून जे उत्तर परंपरेत जपलं आहे, ते नेमकं याच प्रश्नाला आहे, पण हत्तीशिवाय. ‘भगवतीसूत्रा’त स्कंदक नावाचा परिव्राजक लोकाला, म्हणजे विश्वाला, अंत आहे का, या प्रश्नापाशी अडतो. महावीर उत्तराचे चार भाग करतात. द्रव्याच्या अपेक्षेने, म्हणजे द्रव्याच्या बाजूने पाहिलं तर, लोक सान्त, म्हणजे अंत असलेला, क्षेत्राच्या अपेक्षेने सान्त, कालाच्या अपेक्षेने अनंत, भावाच्या अपेक्षेने अनंत. ‘भगवतीसूत्र’ श्वेतांबर आगमातलं आहे आणि आमच्याकडची बहुतेक घरं दिगंबर, त्यामुळे बस्तीत ते वाचलं जात नाही. पण उत्तराची ही रीत दोन्हीकडे एकच आहे. तिच्यात “कुणास ठाऊक” असं कुठेही येत नाही. चारही भागांत उत्तर ठाम आहे.

आता आंधळे बरोबर होते का, हा खरा मुद्दा. जैन ग्रंथांतही हत्ती येतो आणि दिगंबर घरांत तर तो चांगलाच ओळखीचा आहे. आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’चा दुसराच श्लोक अनेकांताला नमस्कार करतो. त्यात अनेकांताला एक विशेषण आहे: ‘निषिद्धजात्यन्धसिन्धुरविधानम्’. सिंधुर म्हणजे हत्ती, जात्यंध म्हणजे जन्मांध. जन्मांधांनी केलेलं हत्तीचं वर्णन ज्याने निषिद्ध ठरवलं, तो अनेकांत. म्हणजे गोष्टीतले आंधळे अनेकांताचा नमुना नव्हेत. अनेकांत ज्याला नको म्हणतो, त्याचा ते नमुना आहेत. कित्येक घरांत हा श्लोक तोंडपाठ आहे आणि त्याच घरांतून हा निरोपही पुढे जातो.

मग चूक कुठे झाली? पाय खांबासारखा लागतो हे तर खरंच आहे. हे मुलांना समजावताना मराठी फार कामाला येते. फळ्यावर मी तीन वाक्यं लिहिते.

“हत्ती खांबासारखाच आहे.”
“हत्ती खांबासारखा आहे.”
“पायाच्या बाजूने हत्ती खांबासारखा आहे.”

आचार्य हेमचंद्रांनी हीच तीन रूपं ‘सदेव, सत्, स्यात् सत्’ अशी मांडली आणि त्यांना अनुक्रमे दुर्नय, नय आणि प्रमाण म्हटलं. संस्कृतातला ‘एव’ म्हणजे आपला ‘च’. पहिल्या वाक्यातला ‘च’ बाकी सगळ्यांना हाकलून देतो, म्हणून तो दुर्नय. दुसरं वाक्य एक बाजू सांगतं आणि इतरांबद्दल गप्प राहतं, तो नय. तिसरं आपण कुठे उभं राहून बोलतोय ते सांगतं आणि त्यामुळे इतर बाजूंना जागा ठेवतं, ते प्रमाण. बुक्क्या मारणारा प्रत्येक आंधळा पहिल्या वाक्यावर अडलेला आहे. त्याच्या हाताला लागलेलं खोटं नव्हतं, त्याचा ‘च’ खोटा होता.

यावर पाचवीतल्या एका पोराने विचारलं, “बाई, मग त्यांनी हात का नाही फिरवला?” इतक्या वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता. डोळे नसणं हा त्यांचा दोष नव्हताच. दोन पावलं सरकले असते तर सोंड लागली असती.

पण एवढ्यावर थांबलं तर मुलं निरोपातल्याच निष्कर्षावर येतात, की ‘च’ काढला म्हणजे सगळेच बरोबर. म्हणून मी आणखी एक आंधळा आणते. तो हत्तीशेजारच्या पिंपळाला मिठी मारून म्हणतो, “हत्ती खरखरीत आहे, त्याला पारंब्या आहेत.” (पिंपळाला पारंब्या कुठल्या, असं लगेच कुणीतरी ओरडतं. मग वड करावा लागतो.) त्याला कितीही ‘माझ्या बाजूने’ जोडायला लावा, तो चूकच राहतो. कारण त्याचा हात हत्तीवर नाही. वस्तूचा खरोखर असलेला एखादा धर्म, म्हणजे गुण, पकडला तर तो नय, वस्तूत नसलेला धर्म चिकटवला तर ती निव्वळ चूक. जैन आचार्यांनी ही चूक दाखवताना कधी मुरवत ठेवली नाही. समंतभद्रांची ‘आप्तमीमांसा’ म्हणजे सगळं नित्यच, सगळं क्षणिकच असं म्हणणाऱ्यांशी एकामागून एक घातलेला वाद आहे. कुणालाच चूक म्हणायचं नसतं, तर तो ग्रंथ लिहिलाच गेला नसता.

‘स्यात्’चा अर्थ ‘कदाचित’ लावला की सगळी इमारतच ढासळते. समंतभद्र म्हणतात, ‘कथञ्चित्ते सदेवेष्टं कथञ्चिदसदेव तत्’, आणि त्या श्लोकाचा शेवट आहे ‘न सर्वथा’. नीट पाहा, इथे ‘एव’ परत आला आहे. एका अपेक्षेने आहेच, दुसऱ्या अपेक्षेने नाहीच, पण सर्वथा नाही. म्हणजे फळ्यावरचं चौथं वाक्य असं होतं: “पायाच्या बाजूने हत्ती खांबासारखाच आहे.” अपेक्षा आधी सांगितली की ‘च’ला बंदी नाही. ‘कदाचित’मध्ये बोलणाऱ्याला खात्री नसते. ‘स्यात्’मध्ये त्याची खात्री पक्की असते आणि तिची हद्दही तो सांगतो.

आणि इथे गोष्टच अपुरी पडते, हे कबूल करायला हवं. पाय, कान, सोंड हे हत्तीचे वेगवेगळे अवयव आहेत. त्यांच्यात विरोध नाहीच, म्हणून सोडवणूक सोपी वाटते. अनेकांतातला ‘अंत’ म्हणजे धर्म. एकाच वस्तूत, एकाच वेळी, परस्परविरोधी वाटणारे धर्म असतात, हे त्याचं म्हणणं आहे. ते हत्तीवरून कळत नाही, सोन्यावरून कळतं. ‘आप्तमीमांसे’च्या एकोणसाठाव्या श्लोकात सोन्याचा घट मोडून मुकुट केला जातो. घट हवा असणारा रडतो, मुकुट हवा असणारा हसतो, नुसतं सोनं हवं असणारा मध्यस्थ राहतो.

आपल्या जिल्ह्यात घट आणि मुकुटाची गरज नाही. विटा-खानापूर भागातली माणसं सोन्याच्या गलाईसाठी देशभर पसरलेली आहेत, त्यामुळे वर्गात कुणाचा ना कुणाचा मामा त्या धंद्यात असतो. मी म्हणते, आज्जीच्या पाटल्या आटवल्या आणि नातीला हार केला. आज्जीच्या डोळ्यांत पाणी, कारण पाटल्या खरंच गेल्या. नात खूश, कारण काल नसलेला हार आज आहे. आणि काका? तो वजन बघतो आणि म्हणतो, सोनं होतं तेवढंच आहे. (“आटवताना होणारी घट धरली का?” हा प्रश्न मामावाल्या मुलांकडून हमखास येतो. धरली नाही, असं सांगून पुढे जायचं.) व्यय, उत्पाद आणि ध्रौव्य, म्हणजे जाणं, येणं आणि टिकणं, हे तिन्ही त्या एका सोन्यात, आटण्याच्या त्या एकाच घटनेत आहेत.

त्या श्लोकातला शेवटचा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ‘सहेतुकम्’. तिघांच्या तीन भावना सकारण आहेत. आज्जीचं रडणं हे तिचं नुसतं मत नाही. पाटल्या मोडल्या ही सोन्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. म्हणून “ज्याचा त्याचा दृष्टिकोन” हे अनेकांताचं भाषांतर होत नाही. अनेकपण बघणाऱ्यांच्या डोक्यात नाही, ते वस्तूत आहे. बघणारा एकटा असला तरी ते असतंच. आज्जीला एकटीलाच विचारलं तरी ती म्हणेल, पाटल्या गेल्या, हार आला, सोनं घरातच राहिलं.

राहिली ती निरोपातली मतांची बेरीज. तिचं उत्तर ‘आप्तमीमांसे’त एकशेआठाव्या श्लोकात दिलेलंच आहे. आक्षेप असा की खोट्यांचा समूह खोटाच असणार. समंतभद्र म्हणतात, ‘निरपेक्षा नया मिथ्या, सापेक्षा वस्तु’. एकमेकांना न विचारणारे नय खोटे, एकमेकांची अपेक्षा राखणारे नय म्हणजे वस्तू. नुसती गोळाबेरीज केली तर काय होतं, ते मी एकदा मुलांकडून काढूनच घेतलं. प्रत्येकाला एक आंधळा दिला आणि एकाच मोठ्या कागदावर आपापली वस्तू काढायला सांगितली. दुसऱ्याचं बघायचं नाही, अशी अट होती. कागदावर कणगी आली, तिच्या शेजारी चार नव्हे, एकच खांब, वर उपडं सूप, एका कोपऱ्यात नांगराचा फाळ, आणि केरसुणी घागरीत खोचलेली. सगळ्यांची मतं एकत्र होती, हत्ती कुठेच नव्हता. दुसऱ्यांदा अट उलटी केली. आपली वस्तू कुठे जोडायची, ते शेजाऱ्याला विचारूनच काढायचं. तेव्हा खांब चार झाले आणि कणगीखाली गेले, केरसुणी मुसळाच्या टोकाला गेली.

आमच्या भागातल्या मुलांना हत्ती नवा नाही. 2025 च्या जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण वनतारात नेली, तेव्हा घराघरांत तोच विषय होता. दोन्ही चित्रं पाठशाळेच्या भिंतीवर आहेत. पहिल्याखाली कुणीतरी पेन्सिलीने ‘महादेवी’ लिहिलं होतं. पुढच्या रविवारी ते खोडलेलं होतं आणि तेच नाव दुसऱ्या चित्राखाली होतं.