ताप 99.8, पण आजोबा भलतंच बोलतायत

‘वय झालं की तापात माणूस बरळतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ताप 101 च्या वर नसेल तर क्रोसिन द्या, जोडीला झोपेची अर्धी गोळी द्या. रात्र शांत जाईल, सकाळी डॉक्टरांकडे न्या.’

सोसायट्यांच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात फिरणाऱ्या या मेसेजमध्ये क्रोसिन सोडली तर धरून ठेवावं असं काही नाही, आणि तीही डॉक्टरांनी आधी मनाई केलेली नसेल तरच.

आधी आकडा. म्हातारपणी शरीराचं मूळ तापमानच थोडं कमी असतं आणि जंतुसंसर्गाला ताप चढवून उत्तर देण्याची ताकदही घटते. त्यामुळे न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग चांगला मुरलेला असतानाही थर्मामीटर 99.5 दाखवू शकतो. नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइट जास्त, हेही ताप म्हणायला पुरेसं असतं. कधी ताप नसतोच, आणि कालपर्यंत पेपर वाचणारा माणूस आज सुनेला ओळखत नाही, ही पहिली खूण असते. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. तो काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिनोन्‌महिने सरकत येतो. आधीच विसरभोळ्या असलेल्या आईच्या बाबतीत ‘ती अशीच आहे’ म्हणून सोडून देणं सर्वांत सोपं, आणि डिलिरियमचा धोका तिलाच जास्त.

ऐरोलीतलं एक उदाहरण घेऊ. आजोबा 79 वर्षांचे, मधुमेहाची ग्लिमेपिराइड चालू. दोन दिवस थोडा खोकला, ताप 99.8. संध्याकाळी पलंगावर बसून चादरीचं टोक चिमटीत धरून ओढत राहिले, मध्येच ‘कंपनीची बस गेली का?’ म्हणाले. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. सुनेने ग्लुकोमीटर काढला : साखर 58. दुपारी जेवले नव्हते, गोळी मात्र वेळेवर घेतली होती. जागे होते, गिळत होते, म्हणून तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी साखर 104.

पण चादर ओढणं थांबलं नाही. इथे बरीच घरं चुकतात. साखर सुधारली म्हणजे कारण सापडलं असं वाटतं. शिवाय या गोळीचा परिणाम लांबतो, त्यामुळे साखर पुन्हा घसरू शकते. लक्ष टिकतंय का ते पाहायला मुलाने वार उलटे म्हणायला सांगितलं. रविवार, शनिवार म्हणून आजोबा छताकडे बघत राहिले. मग छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले : 28. बसलेल्या माणसाचा श्वास 25 च्या वर असेल आणि तो भलतंच बोलत असेल, तर संसर्ग रक्तात पसरून अवयवांवर ताण येतोय, अशी शंका घ्यावी लागते. रात्रीच नेलं. एक्स-रेत उजवीकडे खाली न्यूमोनिया निघाला.

आता ती अर्धी गोळी. तिच्याने गोंधळ वाढतो, उठताना पाय अडखळतो, श्वास मंदावू शकतो आणि सकाळी ‘गाढ झोपलेत’ की ‘शुद्धच हरपतेय’ हे कुणालाच कळत नाही. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांतही क्लोरफेनिरामिनसारखं औषध असतं. तेही वृद्धांत भ्रम वाढवतं, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी तुंबवतं. आणि आरडाओरडा करणाऱ्याला निदान लोक घेऊन जातात; भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेल्याचं मात्र ‘आराम करू दे’ होतं. गप्प प्रकारही तेवढाच गंभीर आहे.

म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी, त्याच रात्री दाखवायचं. हाक मारून डोळे उघडत नसतील, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात पडला, फिट आली, मान ताठली, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर थेट 108. घोडबंदरला संध्याकाळी गाडी किती वेळ अडकते ते ठाणेकरांना ठाऊक आहे. फोन आधी, कपडे नंतर. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी, चहा, साखर काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं.

सोबत औषधांच्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घ्या. चष्मा आणि कानाचं मशीन घ्या. त्यांच्याविना माणूस आणखी गोंधळतो. डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘ताप आहे’ असं नको. ‘काल रात्री जेवताना व्यवस्थित बोलत होते, आज दुपारपासून असं आहे’ असं सांगा. पडले होते का, लघवी शेवटची कधी झाली, साचलेल्या पाण्यातून चालले होते का, हेही सांगा. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोही तपासावे लागतात. लघवीच्या रिपोर्टात जंतू दिसले म्हणून शोध तिथेच थांबू देऊ नका. या वयात कसलाही त्रास नसताना ते अनेकांच्या लघवीत असतात.

ताप उतरला तरी डोकं लगेच ताळ्यावर येईल असं नाही. कधी दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस रात्री कुणीतरी जवळ झोपावं लागतं.