ते ‘वावर’ नाही, ‘बाबर’ आहे

तिसऱ्यांदा अर्ज परत आला. शेरा तोच: ‘सादर केलेल्या अभिलेखातील नाव व गट क्रमांक जुळत नाही.’ आज मनात आहे ते सगळं लिहून काढणार आहे, कारण गेले आठ महिने मी ज्या कागदामागे फिरतोय त्यात नाव जुळतंय, गटही जुळतोय. तो कागद नीट वाचायची तयारी तेवढी कुणाची नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. ७२ च्या दुष्काळात आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, विहिरीसाठी तगाई घेतली होती. दोन वर्षांत फेडली. १९७४ च्या मार्चमध्ये कार्यालयानं पत्र दिलं की कर्ज पूर्ण वसूल झालं आहे, तरी गट नंबर ११८ वरील बोजा कमी करावा. बोजा कुणी कमी केलाच नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘तगाई’ हा शब्द पन्नास वर्षं तसाच बसलाय. आता भावाभावांत वाटणी करायची, बँकेत जायचं, तर पहिला प्रश्न त्या बोजाचा. आबांकडची प्रत वाळवीनं खाल्ली. उरली ती कार्यालयाची स्थळप्रत, म्हणजे कार्बनखालची.

ती स्थळप्रत मिळवायलाच तीन महिने गेले. ‘बाबर नावानं अभिलेख आढळून येत नाही’ असं लेखी उत्तर मिळालं होतं. नावावरून शोधणं मी सोडून दिलं आणि त्या महिन्याची सगळी जावक पत्रं काढायला लावली. त्यात निघालं. कुणीतरी यादी करताना नाव टाकलं होतं ‘वावर’. आमच्या घराण्याचं शेत झालं!

हे कसं झालं ते मला बघताक्षणी कळलं. मी १९८९ साली साताऱ्यात टायपिंग शिकलोय, मराठी ३० आणि ४० दोन्ही परीक्षा दिल्यात. टाइपरायटरची रिबन कापडाची असते. अक्षराचा खिळा तिच्यावर आपटला की शाईबरोबर कापडाचा बारीक तूसही त्याला चिकटतो. त्यात कागदाची धूळ आणि खोडरबराचा चुरा मिसळतो आणि अक्षराच्या पोकळीत त्याचा गोळा बसतो. इंग्रजीत ई, ए, ओ भरतात, तरी वाचणारा शब्दावरून ओळखतो. मराठीत तसं चालत नाही. व आणि ब यांच्यात फरक काय? पोटातली एक तिरकी रेघ. प आणि ष मध्येही तेवढाच. पोट भरलं की ती रेघ गेली, दोन्ही अक्षरं एकच काळा ठिपका. आमचे सर दर शनिवारी ब्रश आणि टाचणी हातात द्यायचे. टाचणीनं पोकळी उकरायची, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशनं खिळे घासायचे, फडक्यानं पुसायचे. पाच-दहा मिनिटांचं काम. लोकांच्या जमिनींची पत्रं ज्या मशीनवर निघत होती तिच्यावर ही पाच मिनिटं कुणी खर्च केली नाहीत. पत्रातलं एकेक अक्षर बघितलं तर वर्षभर ब्रश लागला नसावा असं दिसतं.

आणि त्यात ही कार्बन प्रत. पत्राच्या खाली लिहिलंय, ‘प्रत: गाव कामगार तलाठी’. म्हणजे वर मूळ पत्र, मध्ये तलाठ्याची प्रत आणि तळाला स्थळप्रत. खिळ्याचा मार वरच्या कागदांत जिरत जिरत खाली येतो. ज्या बोटाचा जोर कमी, विशेषतः करंगळीचा, त्या बोटाखालची अक्षरं तिसऱ्या कागदावर जेमतेम उमटतात. जोरात मारलेलं अक्षर पसरतं, कारण मधल्या कागदांची गादी होते. जी प्रत कायम सांभाळायची, तिलाच सगळ्यात कमी ठसा. रोलरचं रबर म्हातारं होऊन कडक झालं असेल तर ओळीचा एक भाग ठळक, एक भाग पुसट. इथे रिबनला दोष देता येत नाही, कारण कार्बन प्रतीपर्यंत रिबनची शाई पोहोचतच नाही. कार्बन दहा-पंधरा वेळा वापरलेला होता एवढंच. शाई उडालेल्या जागी पुन्हा खिळा पडला की अक्षराचा तुकडा गायब होतो. नवा कार्बन घालायला काय लागत होतं?

मला सांगितलं गेलं, “काका, जुनं झालं की फिकट पडणारच.” नाही, साहेब. या प्रतीचा कार्बन काळा आहे. काळ्या कार्बनमध्ये काजळी असते, ती उजेडानं उडत नाही. निळ्या-जांभळ्या कार्बनमधला रंग उडतो, ते वेगळं. ही प्रत ७४ सालीच फिकट निघाली होती. तेव्हापासून कागद तेवढा पिवळा-तपकिरी झालाय, म्हणून अक्षर आणखी बुडालंय. हा फरक मी उगाच सांगत नाहीये. रंग उडाला असता तर तो परत मिळवणं अवघड होतं. इथे कागदावर काजळी आजही आहे, ती फक्त कागदापासून वेगळी करून दाखवायची आहे.

ती मी दाखवली. अभिलेख कक्षात मला दहा मिनिटं प्रत हातात दिली. पातळ कागद, मोबाईलचा टॉर्च खाली धरला, मग बाजूनं आडवा धरला. आडव्या उजेडात खिळ्याचे दाब दिसतात, कारण मार खालपर्यंत गेलेला असतो. रंगीत फोटो काढला, घरी त्यातला फक्त लाल भाग ठेवून काळा-पांढरा केला. पिवळट कागद लालमध्ये उजळतो, काजळी काळीच राहते. सगळं पत्र वाचता आलं.

आता आडनाव. भरलेलं पोट आहे, रेघ दिसत नाही, हे मला मान्य. पण त्याच पत्राच्या विषयात शब्द आहे ‘बोजा कमी करणेबाबत’. ‘बाबत’ मधले दोन्ही ब बघा. भरलेले, काळे ठिपके, हुबेहूब आडनावासारखे. त्या यादीवाल्याच्या डोळ्यांनी वाचायचं तर ते ‘वावत’ होतं. मराठीत ‘करणेवावत’ असा शब्द आहे का? आणि ‘विहीर’, ‘वसूल’ मधला व? तोही तसाच भरलेला. म्हणजे त्या मशीनवर त्या दिवशी व आणि ब एकच उमटत होते. मग कुणी कशाच्या आधारावर म्हणावं की आडनावात व आहे? त्या ठिपक्यावरून व सिद्ध होत नाही, ब पण नाही. तेव्हा दुसरीकडे बघावं लागतं. सातबाऱ्यावर त्या गटाला बाबर आहेत, वावर नावाचा माणूस त्या गावच्या कागदांत कुठेही नाही. तरी यादीत बेधडक ‘वावर’. शंका आहे असं चिन्ह टाकायचं, कंसात ‘बाबर?’ लिहायचं, एवढंही सुचलं नाही.

गटाचं तर अजून सोपं आहे. ते म्हणतात १९८, मी म्हणतो ११८. मधला आकडा भरलाय. पण पत्रावर तारीख आहे, तारखेत साल आहे, १९७४. त्याच पानावर, त्याच मशीनवर, त्याच कार्बनखाली एक ‘१’ आणि एक ‘९’ शेजारी शेजारी छापलेले आहेत आणि त्यांच्याबद्दल वाद नाही! ९ ला १ पेक्षा एक वळण जास्त. भरला तरी त्याचा डाग रुंद पडतो. गटातला मधला आकडा मी मोठा करून सालातल्या दोन्ही आकड्यांशेजारी ठेवला. तो पहिल्यासारखा आहे, अरुंद, दुसऱ्यासारखा नाही. गट १९८ तर ओढ्यापलीकडचा, दुसऱ्याच भावकीचा. तिथे आबांची विहीर कशी असेल?

हे सगळं मी टेबलावर मांडलं. उत्तर काय? “काका, आम्हाला सिस्टीममध्ये जे दिसतं तेच बघावं लागतं.” आणि सिस्टीममध्ये काय आहे? स्कॅन. कसलं स्कॅन? शुद्ध काळा-पांढरा. या स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा होतो नाहीतर पूर्ण पांढरा, मधलं काही राहत नाही. फिकट कार्बन प्रतीला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. पुसट रेघ पांढरी होऊन गेली, भरलेलं पोट आणखी घट्ट काळं झालं. शिरोरेघ तुटली, आता घ आणि ध वेगळे करता येत नाहीत, भ आणि म वेगळे करता येत नाहीत. ज्या फरकांवर मराठी वाचता येते नेमके तेच पुसले. करड्या छटांत किंवा रंगीत ३०० डीपीआयला स्कॅन केलं असतं तर माझा टॉर्चही लागला नसता. मशीन तीच, बटण दुसरं. आणि आता त्या स्कॅनची झेरॉक्स काढून, तिच्यावर ‘खरी नक्कल’चा शिक्का मारून मला देतात. शिक्का ठळक आहे. खाली पत्र दिसत नाही.

मला राग त्या ७४ सालच्या टंकलेखकाचा कमी येतो. दिवसाला किती पत्रं काढत असेल बिचारा, रिबन-कार्बन मागून मिळत नसेल. राग येतो तो आत्ताच्या माणसाचा, जो भरलेल्या अक्षरावर स्वतःचा अंदाज टाइप करतो आणि तो अंदाज उद्यापासून ‘अभिलेख’ होतो. माझी आई ७८ वर्षांची आहे. मी परत आलो की ओसरीवरून विचारते, “झालं का रं?” आठ महिने मी तिला नाही म्हणतोय. फेडलेलं कर्ज ते, तिच्या डोळ्यांसमोर आबांनी फेडलं, बैल विकून.

तलाठ्याच्या प्रतीचं पण विचारलं. ती मधली प्रत, आमच्या या प्रतीपेक्षा नक्की ठळक असणार, एकच कागद वर. सज्जा बदलला, दप्तर दोनदा हललं, कुठल्या गाठोड्यात आहे सांगता येत नाही म्हणाले. गाठोडी मी सोडतो म्हणालो, तर परवानगी नाही.

सोमवारी परत जाणार आहे. एका कागदावर चार चौकटी छापून घेतल्यात: ‘बाबत’ शेजारी ‘बाबर’, आणि ‘१९७४’ शेजारी गट नंबर, आठपट मोठे करून. अर्जात लेखी मागणी केलीय की मूळ स्थळप्रत बाहेर काढून माझ्यासमोर वाचावी, स्कॅन नको, आणि वाचणाऱ्यानं प्रत्येक शंकास्पद अक्षराखाली आपली सही करावी. टॉर्च मी घेऊन येतो.