ग्राहकास गरम होते

आज माझ्या गाडीच्या जॉबकार्डावर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं गेलं : 'ग्राहकास गरम होते.' म्हणजे एसी ठणठणीत, बिघाड माझ्यातच!

गाडी वॉरंटीत आहे. गॅस भरला की काही आठवडे गार वारा येतो, मग नुसती फुंकर, मग सात रस्त्याच्या सिग्नलला भट्टी. पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा गॅस.

"गॅस संपला हुता सर, टाकून दिलंय," सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला.

"अहो, एसीतला गॅस संपत नसतो. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय."

"गळत नाही सर. उन्हानं उडतंय."

"बंद नळीतून?"

"सोलापूरचं ऊन हाय ओ सर! पुण्याला हीच गाडी बघा, कुणाची तक्रार नाही."

मग सकाळच्या पारी, शेडच्या सावलीत, त्यानं एसीच्या जाळीसमोर तळवा धरला. डोळे मिटले. "गार लागालंय की." मीही हात धरला. मला कोमट लागलं. त्यानं माझा हात स्वतःच्या हातात घेऊन नाडी पाहिल्यासारखा तपासला आणि निदान केलं, "तुमचा हातच गरम हाय सर, म्हणून कळंना." आणि जॉबकार्डावर ते अमर वाक्य उमटलं. डीलरकडे थर्मामीटर असतो, पण तो बहुधा पाहुण्यांसाठी ठेवतात.

गळती शोधणं काही रॉकेट उडवणं नाही. आधी यंत्रानं उरलेला गॅस काढून मोजायचा. बोनेटखालच्या स्टिकरवर पूर्ण भरण ग्रॅममध्ये लिहिलेली असते. समजा तिथे 450 आहे आणि निघाला 200, तर 250 ग्रॅम हवेत गेला, हे कागदावरच सिद्ध. मग नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे बुडबुडे बघायचे, किंवा गॅसबरोबर रंग सोडून काही दिवसांनी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हिरवट चमक शोधायची. बाहेरच्या नळ्या, कंडेन्सर कोरडे निघाले, तर संशय डॅशबोर्डाच्या आत बसलेल्या इव्हॅपोरेटरवर. तो काढायचा तर बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उचकटावा लागतो. खरी मेख इथे आहे. गॅस भरायला तासभर, डॅशबोर्डाला दिवस. म्हणून मला गरम होतं.

तेव्हा आता पत्र. 'आपल्या गलथान कारभाराचा तीव्र निषेध' वगैरे लिहून मन मोकळं होतं, पण हाती काही लागत नाही. डीलरला पत्र आणि त्याची प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीला, कारण सदोष मालाची जबाबदारी तिचीही असते, आणि पुढे ग्राहक आयोगात गेलो तर दोघांनाही विरुद्ध पक्ष करायचंय. वर चेसिस नंबर, बिलाचा नंबर, तारीख. खाली प्रत्येक जॉबकार्ड एका ओळीत : तारीख, किलोमीटर, माझी तक्रार, त्यांनी केलेलं काम. ओळींखाली ओळी लागल्या की 'गॅस भरला, गॅस भरला' हे त्यांच्याच सहीनं बोलायला लागतं. एकच दोष, एकच मलमपट्टी. जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि तोपर्यंत सही करू नये. मी या वेळी रकाना खोडायला लावून 'उभ्या गाडीत 20 मिनिटांनी जाळीतून गरम हवा. गॅस काढून ग्रॅम लिहावेत' असं लिहवून घेतलं. अ‍ॅडव्हायझरचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मागणी दोन पायऱ्यांची. पहिली : गाडी बदलून द्या किंवा किंमत परत करा. दुसरी, ते न जमल्यास : गळतीचं कारण लेखी द्या, इव्हॅपोरेटर नवा बसवा आणि त्या भागाची वॉरंटी त्या तारखेपासून पुन्हा मोजा. दुसरी पायरी भित्रेपणा नव्हे. सुप्रीम कोर्टानं 2006 साली एका गाडीच्या वादात म्हटलं होतं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलून देण्याचंच बंधन असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश बसत नाही. म्हणजे पूर्ण गाडी मागायची तर उत्पादनातच दोष आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी आयोग गाडी प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तशी सोय आहे.

शेवटी 15 दिवसांची मुदत आणि 'अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार'. ही तक्रार माझ्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पत्र पोस्टानं पोचपावतीसह. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तर अंगठा येतो फक्त.

हे लिहीत असतानाच सर्व्हिस सेंटरच्या बाईंचा फोन आला, गोड आवाजात : "सर, कंपनीकडून कॉल येईल, दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी आमच्या मुलाचा इन्सेन्टिव्ह कापतात."


"गाडी गार होत नाही," मी म्हणालो.

"ते वेगळं सर. हे फक्त आमच्या वागणुकीबद्दल आहे."